थायरॉइड स्टॉर्म: कॅज्युअल्टीच्या तक्त्यात औषधांचा क्रम कसा लावायचा?

गावकुसाबाहेरचा
नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत भिंतीवर लावायला थायरॉइड स्टॉर्मचा एक पानी तक्ता करतोय. औषधांची नावं सगळ्यांना पाठ असतात, रात्री दोन वाजता घोटाळा होतो तो क्रमात. म्हणून चर्चेसाठी एक काल्पनिक रुग्ण मांडतो.

बाई 41 वर्षांची, वजन अंदाजे 50 किलो. तीन दिवस ताप, उलट्या, जुलाब. गावात सलाईन लावलं, उतार नाही. काल रात्रीपासून बरळतेय, अंथरुणात टिकत नाही, त्यामुळे घरचे आधी देवऋषीकडे जाऊन आले. ताप 102.4 फॅरेनहाइट, नाडी 146 आणि अनियमित, रक्तदाब 150/60. फुप्फुसांच्या तळाला दोन्हीकडे क्रेप्स. गळ्याला सूज, डोळे बटबटीत. पिशवीत कार्बिमाझोलची रिकामी पाकिटं, शेवटचं सहा आठवड्यांपूर्वीचं. आपल्याकडे ईसीजी आहे, इको नाही. थायरॉइडचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी. जिल्ह्याचं गाव दोन तासांवर, 108 बोलावली आहे.

ती येईपर्यंत काय द्यायचं, कशानंतर काय, आणि कशाला हात लावायचा नाही?

---

तिखटमीठ
सोपं आहे. थायरॉइडचा हार्मोन उसळलाय, तर तो ताबडतोब थांबवणारं औषध आधी. ते म्हणजे आयोडीन. लुगोल सोल्यूशन पाजा, ग्रंथी काही तासांत गप्प बसते. कार्बिमाझोलला परिणाम दाखवायला आठवडे लागतात, ते नंतर दिलं तरी चालेल. नाडीसाठी प्रोप्रॅनोलॉल, तापासाठी डिस्प्रिन, आणि ॲम्ब्युलन्समध्ये घाला.

---

निदानपंत
तिखटमीठ, आयोडीन ग्रंथीला झटपट गप्प करतं हे अगदी बरोबर. पण तुमचा क्रम उलटा आहे आणि डिस्प्रिन तर नकोच.

आयोडीन हाच हार्मोनचा कच्चा माल. जास्त मात्रेत गेलं की ग्रंथी काही काळ नवा हार्मोन बनवणं थांबवते आणि साठवलेला बाहेर सोडणंही थांबवते. यातल्या बनवणं थांबण्याच्या भागाला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात, 1948 मध्ये त्या दोघांनी तो उंदरांत दाखवला. पण हा ब्रेक साधारण दहा दिवसांत सुटतो आणि सगळ्यांच्या ग्रंथीत तो नीट लागतोच असं नाही. विशेषतः गाठी असलेल्या गलगंडात काही गाठी स्वतःच्या मर्जीने चालतात. तिथे आयोडीन गेलं की आगीत तेल. म्हणून आधी कारखाना बंद करायचा, मग आयोडीन द्यायचं. कारखाना बंद करतं कार्बिमाझोल किंवा पीटीयू, आणि दोन्हींमध्ये किमान एक तासाचं अंतर ठेवायची पद्धत आहे.

कार्बिमाझोलला आठवडे लागतात हे रुग्णाला बरं वाटण्याबद्दल खरं. ग्रंथीतला साठा कित्येक आठवडे पुरतो, म्हणून बरं वाटायला वेळ लागतो. नवं उत्पादन मात्र औषध रक्तात पोचल्यावर तासाभरातच थांबायला लागतं. तेवढ्यासाठीच तो एक तास.

ॲस्पिरिन नको, कारण हार्मोनचा मोठा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून निष्क्रिय पडलेला असतो. ॲस्पिरिन त्याला तिथून ढकलून मोकळा करतं, आणि काम करतो तो मोकळा हार्मोन. तापासाठी पॅरासिटामॉल.

---

प्रश्नचिन्ह
माझी टीएसएच 9 आली आहे, डॉक्टरांनी 50 ची गोळी लिहून दिली. आता हे वाचून झोप उडाली. मलाही स्टॉर्म येऊ शकतो का? गोळी चुकली तर?

---

निदानपंत
तुमची ग्रंथी कमी काम करतेय, टीएसएच वाढली याचा अर्थ तोच. इथे चर्चा चालली आहे ती ग्रंथी बेसुमार काम करण्याची, त्यात टीएसएच जवळजवळ शून्याला टेकते. तुमची गोळी एखादा दिवस चुकली तर स्टॉर्म येत नाही. तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारा, तिथे सविस्तर बोलू.

---

आकडेमोड
बर्च-वार्टोफ्स्की गुण लावून पाहिले. 1993 ची पद्धत आहे, पण कॅज्युअल्टीत अजून तीच चालते. ताप 102 ते 102.9 च्या घरात: 20. बरळणं: 20. उलट्या-जुलाब, कावीळ नाही: 10. नाडी 140 च्या वर: 25. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन असेल तर 10. तळाला क्रेप्स: 10. चिथावणी देणारं कारण, म्हणजे औषध बंद करणं: 10. बेरीज 105. 45 किंवा वर गेलं की स्टॉर्म धरून चालायचं, 25 ते 44 म्हणजे उंबरठ्यावर. इथे वाद घालायला जागाच नाही.

---

निदानपंत
बेरीज बरोबर. पण तक्त्यावर हे गुण लिहाल तर खाली एक ओळ ठळक लिहा. न्यूमोनियाचा एखादा म्हातारा रुग्ण घ्या, ताप 102.5, नाडी 132, एट्रियल फिब्रिलेशन, थोडा भ्रमिष्ट. त्याचे 20, 20, 10 आणि 20 मिळून 70 होतात, आणि थायरॉइड ठणठणीत असू शकतो. हे गुण हायपरथायरॉइड आहे असं ठरल्यावर, किंवा तशी भक्कम शंका असल्यावरच लावायचे. या बाईत भक्कम शंका गुणांनी आणलेली नाही. ती आणली गळ्याने, डोळ्यांनी आणि त्या रिकाम्या पाकिटांनी. रक्तदाबाच्या दोन आकड्यांतलं अंतरही बघा, 150 आणि 60. गरम ओलसर हात, बोटांना कापरं, आणि बुबुळ खाली वळताना पापणी मागे राहणं, एवढं पाहायला एक मिनिट लागतं.

उलट म्हाताऱ्या माणसात यातलं काहीच नसतं, हेही लिहा. तो सुस्त पडलेला, वजन घटलेलं, हार्ट फेल्युअर आणि वेगवान अनियमित नाडी, ताप जेमतेम. सगळे त्याला हृदयाचा पेशंट समजतात.

रिपोर्टची वाट पाहायची नाही. रक्त पाठवा आणि औषध सुरू करा. रिपोर्ट आला तरी तो स्टॉर्म आहे की साधा हायपरथायरॉइड हे सांगत नाही, टी3 आणि टी4 दोन्हीत सारखेच वाढलेले असू शकतात. फरक रुग्णात दिसतो, कागदावर नाही.

---

गावकुसाबाहेरचा
धन्यवाद सर. मग आमच्याकडे कार्बिमाझोलच आहे, पीटीयू नाही. दोन तास पीटीयूसाठी थांबायचं का?

---

डोसवाला
फार्मसीवाला बोलतोय. थांबू नका. पीटीयूला पसंती देण्याचं कारण एवढंच की ते शरीरात टी4 चं टी3 होणंही काही प्रमाणात अडवतं. 2016 ची अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची शिफारस पीटीयूला झुकते, त्याच वर्षीची जपानची मेथिमाझोलला. जगात एकमत नाही, तुमच्या कपाटात जे आहे ते द्या.

मात्रा सांगतो. पीटीयू असेल तर सुरुवातीला 500 ते 1000 मिग्रॅ, मग दर 4 तासांनी 250. गोळी 50 ची असेल तर पहिल्या डोसलाच 10 ते 20 गोळ्या कुटाव्या लागतात. कार्बिमाझोल 20 मिग्रॅ दर 4 ते 6 तासांनी. कार्बिमाझोल शरीरात मेथिमाझोल होतं आणि 10 मिग्रॅतून साधारण 6 मिग्रॅच मेथिमाझोल मिळतं. त्यामुळे परदेशी पुस्तकातला मेथिमाझोलचा 60 ते 80 चा दिवसाचा डोस तसाच कार्बिमाझोलला लावाल तर कमी पडेल. ही चूक फार पाहायला मिळते.

---

सिस्टर_माई
यांचं इंजेक्शन आपल्याकडे मिळत नाही, हे नवीन मुलांना सांगायला लागतं. पेशंट बरळतोय, उलट्या करतोय, तोंडाने गोळी जात नाही. राइल्स ट्यूब आधी घाला, जागेवर आहे याची खात्री करा, गोळ्या बारीक कुटून 20-30 मिली पाण्यात ढवळून टाका, मागून पाणी घालून नळी धुवा आणि अर्धा-पाऊण तास बंद ठेवा. ड्रेनेजला लावून ठेवलेली नळी म्हणजे औषध पिशवीत. डोस गेल्याची वेळ मिनिटासकट लिहा, कारण आयोडीनचा तास तिथून मोजायचा आहे. डोस गेला आणि दहा मिनिटांत उलटी झाली तर तो गेला असं धरू नका.

---

धकधक
सर्वांना नम्र विनंती, क्रेप्स ऐकून आणि इको नसताना प्रोप्रॅनोलॉल 60-80 मिग्रॅ घालू नका. मार्गदर्शक पुस्तकांत दर 4 तासांनी 60 ते 80 लिहिलेलं असतं, पण ते हृदय नीट आकुंचन पावतंय असं गृहीत धरून. काही रुग्णांत हृदय आधीच दमलेलं असतं, केवळ नाडीच्या वेगावर रक्तदाब टिकून असतो. तिथे मोठा डोस दिला की नाडी उतरते आणि रक्तदाबही कोसळतो. तोंडाने दिलेला डोस परत काढून घेता येत नाही.

म्हणून आयसीयूत एस्मोलॉल. त्याचं अर्धायुष्य सुमारे 9 मिनिटं, बंद केलं की थोड्या वेळात परिणाम उतरतो. सुरुवात दर किलोला दर मिनिटाला 50 मायक्रोग्रॅम. 50 किलोला मिनिटाला 2.5 मिग्रॅ होतात. 10 मिलीत 100 मिग्रॅची वायल तशीच भरली तर पंपावर ताशी 15 मिली. लोडिंग डोस इथे मी टाळेन.

---

निदानपंत
धकधक, तत्त्व मान्य. पण ग्रामीण रुग्णालयात पंप नाही, एस्मोलॉल नाही. या बाईचा रक्तदाब 150 आहे, हातपाय गरम आहेत. क्रेप्स बहुधा नाडी 146 असल्यामुळे आलेत, हृदय भरायला वेळच मिळत नाही. अशा रुग्णात वेग उतरवला की फुप्फुस मोकळं होतं. मी 20 मिग्रॅ नळीतून देईन, दर 10 मिनिटांनी रक्तदाब पाहीन आणि दोन तास पुढचा डोस देणार नाही.

---

धकधक
आणि मी ते 20 सुद्धा इको होईपर्यंत थांबवेन. गरम हातपाय हा दिलासा आहे, पुरावा नाही. हातपाय गार, रक्तदाब 100 च्या खाली, किंवा फेस येऊन दम लागलेला असेल तर मात्र आपलं एकमत आहे ना, की बीटा ब्लॉकर नाहीच?

---

निदानपंत
तिथे शंभर टक्के. दम्याच्या रुग्णातही प्रोप्रॅनोलॉल नाही. 20 मिग्रॅबद्दल आपण दोघं असेच राहू, तक्त्यावर "वरिष्ठांना फोन करून" असं लिहा.

---

तिखटमीठ
मग नाडीसाठी ॲमिओडॅरोन द्या की. अनियमित आणि वेगवान आहे, ते तर हृदय दाबत नाही आणि कपाटात असतंच.

---

धकधक
नेमका हाच सापळा. वेगवान एट्रियल फिब्रिलेशन दिसलं की हात ॲमिओडॅरोनकडे जातो. त्याच्या वजनाचा जवळजवळ 37 टक्के भाग आयोडीन आहे. 150 मिग्रॅच्या एका बोलसमधून 50 मिग्रॅहून जास्त आयोडीन गेलं, तेही कारखाना चालू असताना. वर रोज लागणारं आयोडीन 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे आपण एका सुईतून वर्षभराचं घातलं. आणि हे शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं.

डिगॉक्सिन इथे नेहमीपेक्षा कमी चालतं, मात्रा वाढवत नेली तर विषबाधा. विजेचा झटका देऊन नाडी लयीत आली तरी हार्मोन तसाच असल्याने लवकरच परत बिघडते; रक्तदाब कोसळलेला असेल तरच तो विचार. रक्त पातळ करायचं औषध मात्र आयसीयूत पोचल्यावर ठरवा, विसरू नका.

---

गावकुसाबाहेरचा
आयोडीनच्या सापळ्यांमध्ये कॉन्ट्रास्ट सीटीही येईल का? पोट दुखतंय, उलट्या, ताप, बऱ्याचदा सर्जन पोटाचा सीटी मागतात.

---

निदानपंत
येईल, आणि तक्त्यावर लिहाच. स्टॉर्ममध्ये पोट खरंच दुखतं, यकृताचे आकडे वाढतात, पांढऱ्या पेशी वाढतात. सगळं पोटातल्या जंतुसंसर्गासारखं दिसतं. मग कॉन्ट्रास्ट, आणि त्यातून भूल देऊन पोट उघडणं, म्हणजे चिथावणीवर चिथावणी. पोटाचं खरंच तातडीचं काही असेल तर कार्बिमाझोल आधी जाऊ दे आणि मग सीटी करा. सोनोग्राफीने काम भागत असेल तर तेच उत्तम.

चिथावणीच्या यादीत औषध सोडणं आणि जंतुसंसर्ग हे दोन सर्वांत वरचे. मग शस्त्रक्रिया, बाळंतपण, मधुमेहाचा कीटोॲसिडोसिस, रेडिओआयोडीन घेतल्यावरचे काही दिवस. या बाईत औषध सोडणं दिसतंय म्हणून संसर्ग शोधणं थांबवू नका, दोन्ही एकत्र असतात. ब्लड कल्चर घ्या, छातीचा एक्सरे, लघवी तपासा, आणि संसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिक लगेच.

---

दिवस_कमी_रात्र_मोठी
स्त्रीरोगवाल्यांकडून एक भर. गरोदर बाईला प्रचंड उलट्या, नाडी वेगवान, कापरं, आणि गर्भाशय दिवसांच्या मानाने फार मोठं असेल तर मोल गर्भ आठवा. बीटा एचसीजी प्रचंड वाढलेलं असतं आणि ते थायरॉइडला चेतवतं. तिथे पोट रिकामं करण्याच्या प्रक्रियेआधी नाडी आणि हार्मोन ताब्यात आणावा लागतो, नाहीतर भूल देतानाच स्टॉर्म. गर्भ ठीक असेल आणि पहिले तीन महिने असतील तर कार्बिमाझोलऐवजी पीटीयू.

---

डोसवाला
आता स्टेरॉइडबद्दल. हायड्रोकॉर्टिसोन 300 मिग्रॅ शिरेतून एकदम, म्हणजे 100 च्या तीन वायल, मग दर 8 तासांनी 100. टी4 चं टी3 होणं ते अडवतं, आणि अशा ताणात ॲड्रिनल कमी पडण्याची शक्यता असते तीही भागते. याला आयोडीनसारखी वाट पाहायची गरज नाही, कार्बिमाझोलच्या बरोबरच द्या. साखर तपासत राहा, ती चढते.

पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी. यकृताचे आकडे वाढलेले असतील तर कमी.

---

सिस्टर_माई
थंड करताना बर्फाने गुंडाळू नका. पेशंट कुडकुडला की स्नायूंची उष्णता वाढते आणि ताप उलट चढतो. कोमट पाण्याने पुसा, पंखा लावा, काखेत आणि जांघेत थंड पिशव्या ठेवा, कापरं वाढलं की काढा.

सलाईन सांभाळून. तीन दिवस उलट्या-जुलाब आणि घाम, म्हणजे पाणी खूप गेलेलं. पण क्रेप्स आहेत. पाचशेची बाटली लावली की छाती ऐका, मग दुसरी लावा. साखर लवकर उतरते म्हणून डेक्स्ट्रोज सलाईन वापरतात, आधी थायमिन. आणि बांधून ठेवू नका हो पेशंटला, झगडून ताप अजून वाढतो.

---

आकडेमोड
मग आयोडीन ॲम्ब्युलन्समध्ये द्यायचं की जिल्ह्याला? कार्बिमाझोल रात्री 2.20 ला गेलं, 108 येईल 2.50 ला, पोचेल 4.50 ला. तास भरतो 3.20 ला, म्हणजे वाटेत.

---

निदानपंत
वाटेत देण्याचा हट्ट धरायचा नाही. धक्के खाणाऱ्या गाडीत बरळणाऱ्या बाईला लुगोल पाजलं तर श्वासनलिकेत जाण्याची भीती. तुमच्या रेफर चिठ्ठीत वेळ स्पष्ट लिहा: "कार्बिमाझोल 20 मिग्रॅ, 2.20 ला, नळीतून, उलटी नाही. आयोडीन दिलेलं नाही." तिथला डॉक्टर 4.50 ला पोचल्या पोचल्या देईल. दीड तासाच्या उशिराने बिघडत नाही. तो तास किमान आहे, कमाल नाही.

एक प्रामाणिक नोंद. जपानच्या मार्गदर्शनात कार्बिमाझोलच्या गटातलं औषध आणि आयोडीन एकाच वेळी द्यायला हरकत नाही असं म्हटलं आहे, मुख्यतः ग्रेव्ह्जच्या रुग्णात. आपल्याकडे गाठींचा गलगंड वेगळा ओळखायला रात्री सोय नसते म्हणून मी तासाच्या नियमावर राहतो. पण तो नियम दगडावरची रेघ आहे असं तक्त्यात लिहू नका.

---

तिखटमीठ
म्हणजे आयोडीन आधी म्हटलं ते चुकलं, पण एकदम सोबत चालतं म्हणणारेही आहेत. तेवढं समाधान तरी मिळू दे.

लुगोल किती थेंब ते कोणी सांगत नाही.

---

डोसवाला
10 थेंब, पाण्यात किंवा फळांच्या रसात, दर 8 तासांनी. पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त सोल्यूशन मिळालं तर 5 थेंब दर 6 तासांनी. पण बाटलीवरचं लेबल वाचा. थायरॉइडसाठीचं लुगोल म्हणजे 5 टक्के आयोडीन आणि 10 टक्के पोटॅशियम आयोडाइड. प्रयोगशाळेत ग्रॅम स्टेनसाठी असतं ते बरंच सौम्य, तरी काही ठिकाणी त्यालाही लुगोलच म्हणतात. ती बाटली आणाल तर डोस पोचतच नाही, आणि ती रुग्णाला पाजण्यासाठी बनवलेलीही नसते. बीटाडीन तर अजिबात नाही, हाही प्रश्न विचारला जातो.

पातळ केल्याशिवाय घालू नका, घशाला आणि पोटाला झोंबतं.

---

निम्माशिम्मा
माझा मुद्दा थोडा वेगळा. ताप आणि घसा दुखतोय, कार्बिमाझोल तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालंय, नाडी 130. स्टॉर्म समजून कार्बिमाझोल वाढवायचं ना?

---

निदानपंत
थांबा! हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. तो ताप कार्बिमाझोलमुळेच असू शकतो. क्वचित पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि पहिली खूण घसा आणि ताप. एक सीबीसी मागवा. न्यूट्रोफिल 500 च्या खाली असतील तर कार्बिमाझोल बंद, आणि पीटीयूनेही तोच त्रास होऊ शकतो म्हणून तेही नाही.

मग हातात उरतं बीटा ब्लॉकर, स्टेरॉइड, पोटातून हार्मोन बांधून बाहेर काढणारं कोलेस्टिरामीन 4 ग्रॅम दर 6 तासांनी, आणि लिथियम, ज्यात रक्तातली पातळी मोजत राहावं लागतं. आयोडीन एकटंच द्यायचं का हे ग्रेव्ह्ज असेल तर एंडोक्राइनवाले ठरवतात, आणि पाठोपाठ ग्रंथी काढायचं नियोजन लागतं. हे ग्रामीण रुग्णालयाचं काम नाही, उचला आणि पाठवा. गावकुसाबाहेरचा यांच्या बाईतही सीबीसी आधी पाठवा, पण तिचं औषध सहा आठवडे बंद असल्याने शंका कमी आहे, तिच्यात निकालासाठी कार्बिमाझोल अडवू नका.

---

डोसवाला
कोलेस्टिरामीन बाकीच्या गोळ्याही बांधून टाकतं. बाकीची औषधं त्याच्या किमान एक तास आधी किंवा चार तास नंतर. एकाच ट्रेमध्ये सगळं कुटून घातलं तर प्रोप्रॅनोलॉल आणि कार्बिमाझोल दोन्ही वाया.

---

गावकुसाबाहेरचा
सगळं घेतो. एक शेवटचं, जिल्ह्याला पोचल्यावर उतार आहे हे कशावरून समजायचं, आणि नाही पडला तर?

---

निदानपंत
आधी नाडी आणि ताप, 12 ते 24 तासांत. मन ताळ्यावर यायला जास्त वेळ, दोन-तीन दिवस. टी4 चा आकडा रोज पाहू नका, त्याचं अर्धायुष्यच आठवडाभराचं आहे, तो मागे रेंगाळतो आणि विनाकारण घाबरवतो. टी3 लवकर उतरतो, एक दिवसाचं अर्धायुष्य.

24 ते 48 तास पूर्ण डोसवर असूनही ताप, भ्रम, नाडी तशीच असेल तर प्लाझ्मा एक्सचेंजचा विचार. प्लाझ्माबरोबर हार्मोन बाहेर काढला जातो, पण परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून त्याच काळात ग्रंथी काढायची तयारी करावी लागते. नुसतं एक्सचेंज करून वाट पाहिली तर परत चढतो.

बाई सावरली की आयोडीन आणि स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं, कार्बिमाझोल सुरूच. नंतर रेडिओआयोडीन द्यायचा बेत असेल तर आज दिलेलं लुगोल आड येतं. ग्रंथी साध्या आयोडीनने भरलेली असते, किरणोत्सारी आयोडीन आत घेत नाही. कित्येक आठवडे थांबावं लागतं. म्हणून डिस्चार्ज कार्डवर लुगोल कधी बंद केलं ती तारीख लिहा, पुढच्या डॉक्टरला तीच हवी असते.

---

सिस्टर_माई
आणि पेशंट सोडताना त्या रिकाम्या पाकिटांबद्दल विचारा. गोळी बंद का केली ते. सहसा उत्तर "बरं वाटलं म्हणून" असतं, कधी "दुकानात मिळाली नाही", कधी "अंगावर पुरळ आलं". पुरळ म्हणाली तर पुन्हा तीच गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

---

धकधक
तक्ता छापायच्या आधी एक ओळ घाला बुवा, मोठ्या अक्षरात, इको नसताना आणि क्रेप्स असताना बीटा ब्लॉकर कोणी ठरवायचा, त्याचा फोन नंबर. तुमचा आणि निदानपंतांचा नंबर टाका, माझा नको, मी नाहीच म्हणणार.

---

गावकुसाबाहेरचा
दोघांचेही टाकतो. जो आधी उचलेल त्याचं ऐकू.